तान्ह्या बाळाला मधाचं बोटही नको

खवखवणाऱ्या घशात साधा आवंढा गिळला तरी टोचतं. आतलं अस्तर सुजलेलं असतं, तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी झालेली असतात आणि नुसत्या कोरड्या हवेनेही ती चाळवतात. मग ढास लागते, ढाशीने घसा आणखी सोलवटतो आणि रात्रभर हेच चालू राहतं.

कपभर कोमट पाण्यात चमचाभर मध घालून घोट घोट घेतला की हे चक्र थोडा वेळ थांबतं. मध दाट आणि चिकट असल्यामुळे त्याचा पातळ थर अस्तरावर बसतो. गोड चवीने तोंडाला लाळ सुटते, घशातला ओलावा वाढतो आणि गिळणं सोपं होतं. पाण्याच्या उबेचाही यात वाटा आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली सर्दी झालेल्यांना एकच फळांचं पेय कुणाला गरम, कुणाला साधं दिलं. घशाच्या दुखण्याला गरम पेयानेच लगेच आराम वाटला. मधाने जंतू मरतात असं आपण ऐकतो, पण कपभर पाण्यात तो इतका पातळ होतो की त्या गुणावर फारसं विसंबू नये. मध संसर्ग बरा करत नाही, त्रास हलका करतो. दोन वर्षांपुढच्या मुलांना झोपण्याआधी अर्धा तास मध देऊन अमेरिकेत एक अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा ही मुलं रात्री कमी खोकली. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र मध म्हणजे साखरच, हे धरून चालावं.

हाच मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला थेंबभरही द्यायचा नाही.

मधात साखर सुमारे ऐंशी टक्के आणि पाणी जेमतेम अठरा टक्के, शिवाय तो आंबट गुणाचा. त्यामुळे जंतू त्यात वाढत नाहीत आणि मध वर्षानुवर्षं टिकतो. पण न वाढणं म्हणजे मरणं नव्हे. मातीत आणि धुळीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो बीजाणूच्या रूपात जातो, म्हणजे कठीण कवच धरून पेरणीची वाट पाहणाऱ्या बियाण्यासारखा पडून राहतो. असे बीजाणू मधात येऊ शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात हितकारक जंतूंची दाट वस्ती असल्याने त्यांना रुजायला जागा मिळत नाही, ते शौचावाटे निघून जातात. तान्ह्याच्या आतड्यात ती वस्ती अजून बसलेली नसते. तिथे बीजाणू रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोपच अडवतं. बाळांमधला हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला.

आपल्याकडे बाळ जन्मल्यावर मध चाटवायची रीत आहे, गुटीही कधी मधात उगाळतात. समजा, तीन महिन्यांच्या बाळाला असं काही दिवस दिलं. त्रास त्याच दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही सुरू होतो. बहुतेकदा आधी शी होत नाही. एवढ्यावर कुणाला शंका येत नाही, कारण बाळांना बद्धकोष्ठ होतंच. मग अंगावर पिताना ओढायची ताकद कमी पडते, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या जड होतात, चेहरा निर्विकार दिसू लागतो. धरलेली मान पुन्हा लटकते आणि उचललं तर हातपाय लुळे लागतात. ताप बहुधा नसतो, म्हणून घरचे आणखी दोन दिवस थांबतात. पण ही शिथिलता डोक्याकडून खाली उतरत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकते. म्हणून अशा बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं आणि मध दिला असेल तर डॉक्टरांना न विचारताही सांगावं. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक बाळं पूर्ण बरी होतात, मात्र त्यासाठी कित्येक आठवडे लागू शकतात, काहींना व्हेंटिलेटरवरही ठेवावं लागतं.

‘आम्हालाही चाटवला होता, काय झालं?’ असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात. त्यांचं खोटं नाही. प्रत्येक मधात बीजाणू नसतात आणि असले तरी प्रत्येक बाळ आजारी पडत नाही. पण कोणत्या बाटलीत ते आहेत, हे रंगावरून, वासावरून, चवीवरून ओळखता येत नाही. घरच्या पोळ्यातला, जंगलातला की सीलबंद बाटलीतला, याने फरक पडत नाही. मध उकळूनही भागत नाही, कारण हे बीजाणू उकळत्या पाण्यात तग धरतात. ते मारायला दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सियस तापमान लागतं. म्हणून दात येताना हिरड्यांवर मध चोळणं, चोखणीला लावणं, औषधाची पूड मधातून चाटवणं, हे सगळंच टाळायचं. पूड द्यायचीच असेल तर ती कशातून द्यावी, हे बाळाच्या डॉक्टरांना विचारावं.

अंगावर पाजणाऱ्या आईने स्वतः मध खायला हरकत नाही, तिच्या दुधातून हे बीजाणू बाळाकडे जात नाहीत. आणि बाळाचा पहिला वाढदिवस झाल्यावर खोकल्यासाठी अर्धा चमचा मध द्यायला हरकत नाही.