गोडा मसाला परदेशी निघतो तेव्हा

मुलीला अमेरिकेत पाठवायचा गोडा मसाला आणि गिऱ्हाईकाला विकायचा गोडा मसाला एकाच कढईतून निघाला, तरी कस्टम्सच्या लेखी ते दोन वेगळे जिन्नस. आईने घरी करून लेकीला भेट म्हणून पाठवला, तर अमेरिकेच्या अन्न खात्याला, म्हणजे एफडीएला, आगाऊ कळवावं लागत नाही. शंभर डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीवर जकातही नाही. तोच डबा पैसे घेऊन पाठवला की, मसाला राहत्या घराऐवजी वेगळ्या जागेत बनत असेल तर त्या जागेची एफडीएकडे नोंदणी लागते, तिथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो आणि टपालाने जाणार असेल तर निघण्याआधी पूर्वसूचना भरून तिचा क्रमांक पार्सलसोबत द्यावा लागतो.

म्हणून काही जण विकलेल्या मालावरही बिनदिक्कत ‘गिफ्ट’ लिहितात. पूर्वी आठशे डॉलरच्या आतला माल जकातीशिवाय सुटायचा, तेव्हा निदान कर चुकवण्यासाठी खोटं लिहायची गरज नव्हती. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आणि मोह वाढला. पण एकाच पत्त्यावरून पन्नास अनोळखी घरांना ‘भेट’ जायला लागली, तर कुणालाही शंका येईलच.

खरी गंमत लेबलात आहे. आपण पाकिटावर ‘खास घरगुती मसाले’ लिहून मोकळे होतो. तिथे प्रत्येक घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, इंग्रजीत लिहावा लागतो. १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा अमेरिकेत नववा मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थ ठरला, त्यामुळे गोड्या मसाल्यातला तीळ लपून चालत नाही. हिंगाचंही तसंच. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, म्हणजे ‘गहू’ जाहीर करायला हवा. हिंगाच्या डबीमागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मसाल्याचं लेबल छापू नये. खोबरं मात्र जानेवारी २०२५ मध्ये एफडीएने त्या यादीतून काढलं.

दुबईचं गिऱ्हाईक असेल तर कृतीच बदलते. काही घरांत गोड्या मसाल्यात खसखस पडते आणि अमिरातीत खसखशीला बंदी आहे. सिंगापुरातही आहे. तिथे लेबल कितीही चोख असलं तरी उपयोग नाही. खसखशीशिवायचा घाणा वेगळा, तोही धुतलेल्या मिक्सरमधून काढायचा.

मसाल्याचं हे निस्तरलं की दिवाळीत चिवडा उभा राहतो. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे घेतात. ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरच्या खोक्याचा गुणाकार ३६,००० होतो. त्याला बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात, म्हणजे ७.२ किलो. आत चिवडा चारच किलो असला तरी बिल सव्वासात किलोंच्या आसपासचं. त्याच खोक्यात चिवड्याच्या पिशव्यांमधल्या फटींत मसाल्याची दोन किलो पाकिटं कोंबली, तरी बिल तेवढंच राहतं.