22 नंबरचं पोर्ट साऱ्या जगासाठी कशाला?

1 जुलै 2024 च्या सोमवारपासून सर्व्हर सांभाळणाऱ्यांची धावपळ सुरू झाली. ओपनएसएसएचमधली ‘रिग्रेशन’ नावाची त्रुटी आणि तिच्यावरचा पॅच यांच्या बातम्या आपण वाचल्याच असतील. पॅच बसवायलाच हवा. पण ज्या पोर्टातून एक-दोन माणसंच सर्व्हरवर कामाला येतात, ते साऱ्या जगासाठी उघडं का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

क्वालिसच्या संशोधकांचा अहवाल वाचला की हा प्रश्न टाळता येत नाही. लॉगिन करायला सर्व्हर मुळात 120 सेकंद देतो. ती मुदत संपताना जी आवराआवर होते, तिच्यात ही चूक दडली आहे. 2006 साली ती दुरुस्त झाली होती, 2020 मधल्या एका बदलात पुन्हा शिरली. हल्लेखोराला पासवर्ड लागत नाही, किल्लीही लागत नाही. एका वेळी 100 जोडण्या उघडायच्या, मुदत संपू द्यायची आणि पुन्हा तेच करायचं. सरासरी सहा ते आठ तासांत 32 बिटच्या लिनक्सवर रूटचा ताबा मिळाल्याचं त्यांनी दाखवलं. या सगळ्याला अट एकच, पोर्टापर्यंत पोचता आलं पाहिजे.

मग ‘आपल्याच पत्त्याला परवानगी द्या’ हा नेहमीचा सल्ला मिळतो. जयगडला बसून मोबाइलच्या इंटरनेटवर काम करणाऱ्याला तो लागू पडत नाही. मोबाइल कंपनी एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटते आणि तो बदलतही राहतो. आज परवानगी दिलेला पत्ता उद्या दुसऱ्याच्या हाती असतो. वैतागून माणूस नियमात `0.0.0.0/0` लिहितो, म्हणजे सगळ्यांना मोकळीक.

इथे वायरगार्ड हा व्हीपीएन उपयोगी पडतो. तो माणसाला आयपी पत्त्यावरून ओळखत नाही, किल्लीवरून ओळखतो. जयगडहून तवसाळला फेरीबोटीनं जाताना फोनचा पत्ता बदलला, तरी नव्या पत्त्यावरून पॅकेट पोचताच बोगदा पुढे चालू राहतो. शिवाय किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

समजा, जयगडच्या एखाद्या लॉजचं बुकिंग क्लाउडच्या मुंबई विभागातल्या उबुंटू सर्व्हरवर चालतं. सर्व्हरचा बोगद्यातला पत्ता 10.8.0.1 आणि लॅपटॉपचा 10.8.0.2 ठेवू. दोन्हीकडे किल्ल्यांच्या जोड्या तयार करून सार्वजनिक किल्ल्यांची अदलाबदल करायची, पत्ते, किल्ल्या आणि पोर्ट `/etc/wireguard/wg0.conf` मध्ये लिहायचे आणि क्लाउडच्या फायरवॉलमध्ये यूडीपी 51820 उघडायचं. मग सर्व्हरवर:

```
sudo systemctl enable --now wg-quick@wg0
sudo wg show
```

यातलं `enable` विसरलात, तर सर्व्हर रीबूट झाल्यावर बोगदा उभा राहणार नाही आणि तुम्ही बाहेर राहाल. लॅपटॉपवर बोगदा सुरू करून `ssh ubuntu@10.8.0.1` चालवा. `wg show` मध्ये `latest handshake` दिसतो, पण एसएसएच मध्येच गोठतं, असं झालं तर पॅकेटचा आकार मोठा पडतोय असं समजा. दोन्हीकडे `MTU = 1280` केलं की बहुतेकदा सुटतं.

पुढची पायरी घाई न करता घ्यावी. बोगद्यातून केलेलं लॉगिन चालू ठेवा, क्लाउड कंपनीचा सिरियल कन्सोल उघडतो का हे आधीच पाहा, आणि मगच 22 चा नियम काढा. ॲमेझॉनवर बाहेर जाणारी सगळी वाहतूक मोकळी असेल, तर `0.0.0.0/0` चा नियम काढताच जुन्या पोर्टातली चालू जोडणी तुटते, नाहीतर ती लगेच तुटत नाही. म्हणून जुनी खिडकी चालते की नाही यावरून काहीच ठरत नाही. बोगद्यातून नवं लॉगिन करून पाहायला हवं. मग बोगदा बंद करून बाहेरून तपासा (203.0.113.10 च्या जागी आपल्या सर्व्हरचा सार्वजनिक पत्ता):

```
nc -vz -w 5 203.0.113.10 22
```

वेळ संपल्याचा संदेश आला की काम झालं. सर्व्हरला आयपीव्ही6 पत्ता असेल तर तोही तपासा. `::/0` चा नियम तसाच राहिला, तर अर्धंच दार लागलेलं असतं. आणखी एक मोह टाळावा. एसएसएचच्या सेटिंगमध्ये `ListenAddress 10.8.0.1` लिहिलं आणि रीबूटनंतर बोगद्याआधी एसएसएच उठलं, तर त्याला तो पत्ता सापडत नाही. हे काम फायरवॉलवर सोपवलेलं बरं.

यानं सगळं सुरक्षित होत नाही. बुकिंगची वेबसाइट 443 वर उघडीच राहते. लॅपटॉप चोरीला गेला तर त्याची सार्वजनिक किल्ली सर्व्हरवरून लगेच काढावी लागते. व्हीपीएनही सॉफ्टवेअरच आहे. जानेवारी 2024 मध्ये इव्हांटीच्या व्हीपीएनमधल्या त्रुटींवरून जगभर हल्ले झाले. तरीही मी वायरगार्डच्या बाजूनं आहे, कारण त्याचा लिनक्समधला कोड साधारण 4,000 ओळींचा आहे आणि एवढा कोड बारकाईनं तपासता येतो.

पॅच अजून बसवला नसेल तर आज रात्रीच बसवा. येत्या रविवारी सवड काढून 22 नंबरचं पोर्टही बंद करा. पुढची त्रुटी जाहीर होईल तेव्हाही पॅच लागेलच, पण तोवर अनोळखी माणसाला तुमच्या एसएसएचपर्यंत थेट पोचता येणार नाही.