सोळा बिटांची खिडकी

टीसीपी या प्रोटोकॉलचा हेडर, म्हणजे पाठवल्या जाणाऱ्या मजकुराच्या प्रत्येक तुकड्याच्या आरंभी जोडला जाणारा नियंत्रक मथळा, बत्तीस-बत्तीस बिटांच्या ओळींत मांडण्याचा प्रघात आहे, आणि त्याच्या पाच अनिवार्य ओळींपैकी चौथी ओळ सर्वांत दाटीची आहे. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आणि सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७९३ या मूळ दस्तऐवजात या ओळीची वाटणी अशी होती: हेडर किती लांब आहे हे सांगणारे पहिले ४ बिट, पुढील काळासाठी शून्य ठेवून राखलेले ६ बिट, त्यानंतर ६ फ्लॅग आणि उरलेले १६ बिट ‘विंडो’साठी. फ्लॅग म्हणजे होय किंवा नाही एवढेच सांगणारा एकेक बिट. त्यांपैकी ‘सिन’ जोडणीचा आरंभ सुचवतो, ‘ॲक’ पोचपावतीचा आकडा ग्राह्य असल्याचे सांगतो, ‘फिन’ आपले बोलणे संपल्याचे कळवतो आणि ‘रीसेट’ जोडणी तडकाफडकी तोडतो. ‘पुश’ आणि ‘अर्जंट’ हे उरलेले दोघे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने गौण आहेत. विंडो ही मात्र संख्या आहे. ज्याला मजकूर घ्यायचा आहे तो संगणक तिच्याद्वारे प्रत्येक पावतीसोबत कळवत असतो की, या क्षणी आपल्याकडे आणखी इतके बाइट साठवण्यास जागा आहे, आणि पाठवणाऱ्याने पावती न मिळालेला मजकूर त्या मर्यादेपलीकडे कधीही जाऊ द्यायचा नाही.

सोळा बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६५,५३५ आहे. ती अपुरी ठरली म्हणून मूळ रचनाकारांना अदूरदर्शी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासमोर असलेल्या आर्पानेटच्या तारा सेकंदाला ५६ हजार बिट वाहून नेत असत आणि त्या वेगाने ६५,५३५ बाइट तारेवर चढवण्यासच नऊ सेकंदांहून अधिक वेळ लागला असता. त्या काळी प्रचलित असलेल्या पीडीपी-११ या यंत्रावर एका प्रोग्रॅमला एका वेळी दिसणारी सगळी स्मृतीच ६४ किलोबाइटांची होती. एकाच जोडणीसाठी तेवढी जागा राखून ठेवणारा संगणक तेव्हा कल्पनेतही आणणे कठीण होते, त्यामुळे १९८१ मधील मोजमापाने ही खिडकी प्रशस्तच होती.

अडचण केवळ तारेच्या वेगातून निर्माण होत नाही, तर वेग आणि अंतर यांच्या गुणाकारातून निर्माण होते. पाठवणारा एक विंडोभर मजकूर पाठवून पावतीची वाट पाहतो आणि पावती एका फेरीइतक्या काळाने, म्हणजे मजकूर पलीकडे पोहोचून पावती परत येईपर्यंतच्या वेळाने, हाती येते. म्हणून तार कितीही रुंद असली तरी एका फेरीत एका विंडोपेक्षा अधिक मजकूर जाऊ शकत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा केवळ भौतिकीच्या नियमाने फेरीस १२५ मिलिसेकंद लागतात. समुद्रतळाच्या केबलींचे वळसे धरता ही फेरी २०० मिलिसेकंदांची मानणे वाजवी ठरते. सेकंदाला अशा पाच फेऱ्या आणि प्रत्येकीत ६५,५३५ बाइट, म्हणजे सेकंदाला ३,२७,६७५ बाइट, अर्थात सुमारे २.६ मेगाबिट. घरात १०० मेगाबिटांची जोडणी असो वा हजार मेगाबिटांची, एक गिगाबाइटची फाइल एका टीसीपी जोडणीवरून आणण्यास या हिशेबाने सुमारे ५१ मिनिटे लागतील. १०० मेगाबिटांची तार पूर्ण भरून वाहिली असती, तर तेच काम ८० सेकंदांत झाले असते. तार भरलेली ठेवण्यासाठी वाटेत किती बाइट असावे लागतात, ही संख्या वेगाला फेरीच्या वेळेने गुणून मिळते, आणि या उदाहरणात ती २५ लाख बाइट भरते.

ही कुचंबणा प्रथम उपग्रहांच्या जोडण्यांवर जाणवली, कारण ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रहामार्गे फेरी पूर्ण होण्यास जवळपास अर्धा सेकंद लागतो आणि १.५४४ मेगाबिटांची तेव्हाची सर्वसामान्य टी-१ तारही त्या फेरीत ६५,५३५ बाइटांनी भरत नाही. व्हॅन जेकबसन आणि रॉबर्ट ब्रेडन यांनी ऑक्टोबर १९८८ मध्ये आरएफसी १०७२ मधून या प्रश्नावर तोडगा सुचवला आणि मे १९९२ मध्ये डेव्हिड बोर्मन यांच्यासह आरएफसी १३२३ मध्ये त्याला स्थिर रूप दिले.

इथे एक शंका स्वाभाविक आहे. त्याच ओळीत सहा बिट रिकामे पडले असताना तेच विंडोला का जोडले नाहीत? फ्लॅगांची संख्या पुढे खरोखरच अशा बिटांतून वाढली. २००१ मध्ये आरएफसी ३१६८ ने वाटेतील गर्दीची सूचना देण्याघेण्यासाठी राखीव बिटांपैकी दोन बिट घेतले. पण नवा फ्लॅग जुन्या यंत्राला कळला नाही तर ते त्याकडे दुर्लक्ष करते आणि काम पूर्वीसारखे चालू राहते, निदान तसे अपेक्षित असते. प्रत्यक्षात काही फायरवॉल या दोन बिटांना संशयास्पद समजून जोडणीच तोडू लागले आणि २००२ मध्ये सॅली फ्लॉइड यांना त्याविरुद्ध स्वतंत्र आरएफसी लिहावा लागला. संख्येचे तसे नाही. तिचे वरचे बिट एका यंत्राने लिहावेत आणि दुसऱ्याने वाचू नयेत, तर दोघांच्या मनातील संख्या वेगवेगळ्या होतात. म्हणून दोन्ही बाजूंना नवी पद्धत ठाऊक आहे याची खात्री आधी करून घेणे अपरिहार्य होते, आणि ती खात्री करून घेण्याची जागा एकच होती: सिन फ्लॅग लावलेले आरंभीचे दोन तुकडे.

त्यामुळे चौथ्या ओळीला हातही न लावता हेडरच्या शेवटी जोडता येणाऱ्या ऐच्छिक भागात तीन बाइटांचा एक पर्याय ठेवण्यात आला. पहिला बाइट पर्यायाचा क्रमांक सांगतो, जो ३ आहे. दुसरा त्याची लांबी सांगतो, तीही ३ आहे. तिसऱ्या बाइटात सरकवण्याचा आकडा असतो. तो आकडा ७ असेल, तर पुढे येणारी प्रत्येक विंडो दोनाच्या सातव्या घाताने, म्हणजे १२८ ने, गुणून वाचायची. हा पर्याय केवळ सिन असलेल्या तुकड्यात येऊ शकतो, दोन्ही बाजूंनी तो पाठवला तरच लागू होतो, आणि प्रत्येक दिशेचा आकडा वेगळा असू शकतो. सिन असलेल्या तुकड्यातील विंडो मात्र कधीच गुणायची नसते, कारण त्या क्षणी सहमती झालेली नसते. आरंभापलीकडे हा पर्याय न पाठवण्यामागे एक व्यवहारी भीतीही होती: एखादी सदोष यंत्रणा चालू जोडणीत अनोळखी पर्याय पाहून कोलमडून पडेल, असे कर्त्यांना वाटत होते.

सरकवण्याचा आकडा १४ च्या पुढे जाऊ शकत नाही. टीसीपी प्रत्येक बाइटला बत्तीस बिटांचा क्रमांक देतो आणि तो शेवटास पोहोचला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे आलेला क्रमांक नवा की जुना हे त्या वर्तुळाच्या अर्ध्या भागात तो पडतो की नाही यावरून ठरवावे लागते. पाठवणारा आणि घेणारा यांच्या समजुतीत एका विंडोइतका फरक पडू शकतो, म्हणून दोन विंडो मिळूनही २^३१ पेक्षा कमी राहिल्या पाहिजेत. तेव्हा एक विंडो २^३० च्या आत हवी, आणि सोळा बिटांत चौदा मिळवले की तीस होतात. वरील मुंबई-न्यूयॉर्क उदाहरणात ६ हा आकडा पुरतो. गुणक वाढवला की संख्या खडबडीत होते, हा त्याचा तोटा आहे: १४ या आकड्यासह विंडो १६ किलोबाइटांच्या पायऱ्यांनीच सांगता येते.

या तोडग्याची खरी किंमत वेगळीच आहे. पूर्वी तारेवरून जाणारा कोणताही एक तुकडा उचलला, तरी त्यातील विंडो वाचता येत असे. आता तिचा अर्थ त्या तुकड्यात नसून आरंभी झालेल्या बोलण्याच्या आठवणीत असतो. २००४ मध्ये लिनक्सच्या २.६ मालिकेतील नव्या कर्नेलांकडून ७ हा आकडा सर्रास पाठवला जाऊ लागला, तेव्हा काही संकेतस्थळे अचानक उघडेनाशी झाली. अशा जोडणीतील चौथी ओळ सोळा-आधारी अंकांत अशी दिसते:

```
a0 02 16 d0    SYN
80 10 00 2e    ACK
```

पहिल्या ओळीतील `a` म्हणजे चार-चार बाइटांच्या दहा ओळींचा हेडर, `02` म्हणजे सिन फ्लॅग आणि `16d0` म्हणजे ५,८४० बाइटांची विंडो. याच तुकड्याच्या शेवटी `01 03 03 07` हे चार बाइट असतात. त्यांतील पहिला केवळ भरणीचा आणि उरलेले तीन म्हणजे ७ आकड्याचा पर्याय. दुसऱ्या ओळीत `10` म्हणजे ॲक, आणि विंडो `002e` म्हणजे ४६, जी १२८ ने गुणल्यावर ५,८८८ होते. वाटेतील सदोष राउटर काय करत होते, तर पर्याय तसाच ठेवून त्यातील `07` चे `00` करत होते. पर्याय दिसल्यामुळे सर्व्हर उत्तरात स्वतःचा पर्याय पाठवी, त्यावरून ग्राहक संगणकाची खात्री पटे की आपला ७ मान्य झाला, आणि सर्व्हर मात्र ४६ म्हणजे शब्दशः ४६ बाइट समजे. एका तुकड्यात १,४६० बाइट पाठवू पाहणारा सर्व्हर एवढ्या चिंचोळ्या जागेत पाठवण्याऐवजी खिडकी मोठी होण्याची वाट पाहत बसे, आणि मजकूरच न आल्याने ती मोठी होण्याचे कारण घडत नसे. राउटरने पर्याय पूर्ण काढून टाकला असता, तर दोन्ही बाजू जुन्या पद्धतीने निमूट चालल्या असत्या. अर्धवट ढवळाढवळच घातक ठरली.

या दोषाची लक्षणे फसवी असतात. पिंग चालतो, जोडणी जुळते, छोटी विनंती पलीकडे पोहोचते, फक्त उत्तराचे पान येत नाही किंवा थेंबाथेंबाने येते. खात्रीचा उपाय म्हणजे दोन्ही टोकांना तुकडे टिपून सिनमधील या पर्यायाचा तिसरा बाइट ताडून पाहणे. लिनक्सवर पुढील आज्ञेने पर्याय बंद करताच संकेतस्थळ उघडले, तर निदान जवळपास निश्चित होते:

```
sysctl -w net.ipv4.tcp_window_scaling=0
```

मात्र हा इलाज कायमचा ठेवणे म्हणजे पुन्हा ६५,५३५ च्या जुन्या कुंपणात जाणे होय, आणि दोष राउटरचा असताना शिक्षा सगळ्याच जोडण्यांना होते.

दुसरा प्रकार राउटरच्या बदमाशीचा नसून विस्मरणाचा आहे. जोडण्यांची नोंद ठेवणारा फायरवॉल मध्येच पुन्हा सुरू झाला, किंवा त्याच्या नियमांनी जोडणीची नोंद सिनऐवजी मधल्याच तुकड्यावरून केली, तर त्याला गुणक ठाऊक नसतो. मग ४६ पलीकडचा प्रत्येक बाइट त्याला हद्दीबाहेरचा वाटतो आणि तो टाकून देतो. ओपनबीएसडीच्या पीएफ या फायरवॉलने २००७ मधील ४.१ आवृत्तीपासून आरंभीच्या सिनवरूनच नोंद करणे हा पूर्वनिर्धारित नियम केला, त्याने या प्रकाराला बराच आळा बसला. तुकडे टिपणाऱ्या साधनांचीही हीच गत होते: टिपणे जोडणी जुळल्यानंतर सुरू केले असेल, तर वायरशार्क गुणकाच्या जागी `-1 (unknown)` असे लिहितो, आणि त्याखाली दिसणाऱ्या विंडोच्या आकड्यावरून पलीकडचा संगणक तुंबला आहे असा निष्कर्ष काढण्याआधी जोडणी तोडून सिनपासून पुन्हा टिपणे भाग असते.