प्रवासभत्त्याचे नियम एका तक्त्यात

प्रवासधोरणाचा तक्ता करताना प्रत्येक वेतनस्तराला एक ओळ देतात आणि पुढच्या रकान्यांत प्रवासाचा वर्ग, निवास व जेवणाच्या मर्यादा भरतात. केंद्र सरकारच्या 2017 च्या आदेशात स्तर 9 ते 11 साठी निवासाला रोज 2,250 आणि जेवणाला 900 रुपयांची कमाल मर्यादा होती. मात्र कर्मचारी त्या दिवशी मुख्यालयाबाहेर सहा ते बारा तासच असेल, तर जेवणाचे 70 टक्के, म्हणजे 630 रुपये मिळत. अशी अट तळटिपेत गेली की बिल तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते आणि पूर्ण 900 मंजूर होतात. म्हणून तासांना स्वतंत्र रकाना हवा. शेवटच्या रकान्यात मंजुरी देणाऱ्याचे पद आणि मर्यादा ओलांडायची असल्यास कोणाची पूर्वपरवानगी लागेल, हे लिहावे.