एक लिटरचा डबा आणि कमीत कमी पत्रा

एक लिटर तेल मावेल असा गोल, वर-खाली बंद डबा करायचा आहे आणि पत्रा कमीत कमी लागला पाहिजे. डबा उंच-बारीक करावा की बसका-रुंद? आधी थोडे आकडे मांडून पाहू. तळाची त्रिज्या 3 सेंमी घेतली तर लिटरभर तेलासाठी डबा 35 सेंमीहून उंच करावा लागतो आणि पत्रा सुमारे 723 चौरस सेंमी लागतो. त्रिज्या 10 सेंमी घेतली तर डबा जेमतेम 3 सेंमी उंचीचा, ताटासारखा होतो आणि पत्रा 828 चौरस सेंमीवर जातो. बारीक डब्यात पत्रा भिंतीत जातो, रुंद डब्यात तो तळ आणि झाकणात जातो. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी सर्वांत काटकसरीचा डबा असला पाहिजे.

त्रिज्या r आणि उंची h धरू. घनफळ 1000 घन सेंमी ठरलेलेच आहे, म्हणून πr²h = 1000. म्हणजे r निवडली की h आपोआप ठरते: h = 1000/(πr²). तळ आणि झाकण मिळून 2πr² आणि भिंत 2πrh एवढा पत्रा लागतो. त्यात h ची किंमत घातली की एकूण पत्रा फक्त r च्या भाषेत मिळतो:

S = 2πr² + 2000/r

आता डेरिव्हेटिव्ह काढू: S′ = 4πr − 2000/r². ते शून्य धरले की r³ = 500/π, म्हणजे r सुमारे 5.42 सेंमी. उंची येते 10.84 सेंमी, नेमकी व्यासाएवढी. घनफळ कितीही घेतले तरी हे नाते बदलत नाही. या डब्याला पत्रा लागतो सुमारे 553.6 चौरस सेंमी.

बारावीतले बरेच विद्यार्थी इथेच पेन खाली ठेवतात, पण गणित अजून संपलेले नाही. डेरिव्हेटिव्ह शून्य झाले याचा अर्थ त्या बिंदूवर आलेख क्षणभर सपाट आहे, एवढाच. दरीचा तळ सपाट असतो, तसा डोंगराचा माथाही सपाट असतो. y = x³ या आलेखावर तर x = 0 पाशी दोन्हींपैकी काहीच नसते; आलेख थोडा सपाट होतो आणि पुन्हा वरच चढत जातो.

आपला बिंदू तळच आहे हे दोन प्रकारे पटते. एक म्हणजे दोन्ही बाजूंना चिन्ह तपासणे. r = 5 घातले तर S′ सुमारे −17 येते, म्हणजे अजून उतार आहे. r = 6 घातले तर सुमारे +20 येते, म्हणजे चढ लागला. उतार संपून चढ सुरू झाला, म्हणजे मध्ये तळ आहे. दुसरा प्रकार सेकंड डेरिव्हेटिव्हचा: S″ = 4π + 4000/r³. आपल्या बिंदूवर ते 4π + 8π = 12π येते, म्हणजे धन. मला यातली पुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. r ची कोणतीही धन किंमत घातली तरी S″ धनच राहते. आलेख सगळीकडे वरच्या बाजूलाच वळलेला आहे, त्याला दुसरा तळ असूच शकत नाही. त्यामुळे हा आसपासच्याच नव्हे, तर सगळ्या शक्य डब्यांमधला किमान पत्रा आहे. उत्तरपत्रिकेत ही एक ओळ लिहिल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

तरीही बाजारातले पुष्कळ डबे व्यासापेक्षा उंच दिसतात. पहिले कारण असे की हा तळ फार उथळ आहे. r = 5 घेतली तर पत्रा 557 लागतो, म्हणजे किमानापेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त; पण उंची 12.73 सेंमी होते आणि डबा डोळ्यांना बराच वेगळा दिसतो. कमाल-किमान बिंदूच्या आसपास बदल जाणवेनासा होतो, हे केप्लरने 1615 साली दारूच्या पिंपांच्या घनफळावर लिहिलेल्या पुस्तकात टिपले होते, डेरिव्हेटिव्हचा शोध लागण्याच्याही आधी.

दुसरे कारण कारखान्यातले आहे. भिंतीचा पत्रा आयताकृती असतो, त्याची कात्रण उरत नाही. तळ आणि झाकण मात्र गोल कापावे लागतात. ते चौरसांतून कापले तर प्रत्येकी 4r² पत्रा विकत घ्यावा लागतो आणि कोपरे वाया जातात. मग हिशेब S = 8r² + 2000/r असा होतो. S′ = 16r − 2000/r² शून्य धरले की r³ = 125, म्हणजे r नेमकी 5 सेंमी. S″ = 16 + 4000/125 = 48, धन; म्हणजे हाही तळच. एकूण पत्रा 600 चौरस सेंमी लागतो. आधीचा 'आदर्श' डबा याच पद्धतीने कापला तर 604 लागतील. सांधा दुमडायला लागणारा पत्रा आणि तळाची वेगळी जाडी यात धरलेली नाही. पण तळ आणि झाकण चौरसांतून कापायचे असतील, तर उंची व्यासाच्या सव्वापटीहून किंचित जास्त ठेवलेला डबाच सर्वांत स्वस्त पडतो.