मोटर चालतेय, मग बदलायची कशाला?

कारखान्याच्या मेंटेनन्स विभागातून साहेबांच्या टेबलावर येणाऱ्या पत्रांपैकी सर्वांत अवघड पत्र बंद पडलेल्या यंत्राचं नसतं. यंत्र बंद पडलं की उत्पादन थांबतं आणि पैसे त्याच दुपारी मंजूर होतात. अवघड असतं ते चालू असलेली मोटर काढून नवी बसवायला पैसे मागणारं पत्र. ‘चालतेय ना? मग राहू दे की!’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर असतं, आणि वरवर पाहता त्यात चूकही काही नाही.

अशी बरीच पत्रं फेटाळली जातात, कारण ती सगळ्या कारखान्याबद्दल एकदम बोलतात. ‘आपल्याकडे शंभर जुन्या मोटरी आहेत, त्या बदलल्या तर वीज वाचेल’ असं वाचून कोणी चेकबुक काढत नाही. एकच मोटर धरून, तिची मोजमापं घेऊन लिहिलेलं पत्र मात्र वाचलं जातं. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या वसाहतीत शोभेल अशी एक फौंड्री उदाहरणादाखल घेऊ. वाळूच्या प्लांटवर डस्ट कलेक्टर आहे आणि त्याचा ब्लोअर ३७ किलोवॉटची मोटर फिरवते. मोटर जुनी, दोनदा रिवाइंड झालेली. पुढे लाइन वाढेल या हिशेबाने ब्लोअर मोठा घेतला होता. लाइन वाढली नाही, म्हणून डॅम्पर अर्धवट बंद ठेवून हवा ऐंशी टक्क्यांवर आणलेली आहे.

इंजिनीअर आधी तिन्ही फेजवर पॉवर अॅनालायझर लावतो. मोटरच्या पाटीवर ३७ किलोवॉट लिहिलेलं असलं, तरी ती किती देऊ शकते एवढंच त्यातून कळतं. प्रत्यक्षात किती ओढते ते मीटर सांगतो. इथे समजा ३१ किलोवॉट आले. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला ८ रुपये धरले, तर या एका मोटरचं वार्षिक बिल जवळपास १४ लाख ८८ हजार रुपये होतं. नवी मोटर दोन लाखांना मिळते असं मानलं, तर तेवढे पैसे ही जुनी मोटर सात आठवड्यांत विजेत खाते. पत्राचा पहिला परिच्छेद इथेच संपायला हवा. खरेदी विभाग नेहमी मोटरच्या किमतीकडे पाहतो, विजेचं बिल मात्र दुसऱ्याच टेबलावर जातं.

मग नवी मोटर किती वाचवेल? आंतरराष्ट्रीय मानकात मोटरींची कार्यक्षमता आयई १, आयई २ अशा श्रेणींत मोजतात. चार पोलच्या ३७ किलोवॉट मोटरसाठी आयई १ म्हणजे ९१.२ टक्के आणि आयई ४ म्हणजे ९५.२ टक्के. आपली मोटर मुळात आयई १ च्या तोडीची. रिवाइंडिंगच्या वेळी जुनी वाइंडिंग थेट ज्योतीने जाळून काढली असेल, तर स्टेटरच्या पातळ पत्र्यांमधलं इन्सुलेशन करपतं आणि कोअर जास्त तापू लागतो. ताबा ठेवलेल्या भट्टीत, योग्य तापमानाला काम झालं असेल तर नुकसान फारसं होत नाही. आपल्या मोटरचा इतिहास माहीत नाही म्हणून ९० टक्के धरू. हा अंदाज आहे, मोजमाप नाही, आणि पत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं बरं. या हिशेबाने बचत १.७ किलोवॉटची, म्हणजे वर्षाला सुमारे ८० हजार रुपयांची. दोन लाख अडीच वर्षांत वसूल.

इथेच अनेक पत्रं फसतात.

कार्यक्षम मोटरची स्लिप कमी असते, म्हणून ती जुनीपेक्षा थोडी वेगाने फिरते. समजा जुनी १,४६५ आणि नवी १,४८० फेऱ्यांची. फरक एका टक्क्याचा, पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे तीन टक्क्यांनी. वाचवलेली अर्धी वीज नको असलेली जास्त हवा ढकलण्यात जाते. १.७ चे ०.८ होतात, अडीच वर्षांची पाच वर्षं. सहा महिन्यांनी बिल पाहून साहेब विचारतात, ‘काय हो, तुमची बचत गेली कुठे?’ आणि पुढचं पत्र आधीच मेलेलं असतं. ब्लोअर पट्ट्यावर चालत असेल तर उपाय सोपा: पुलीचा व्यास थोडा बदलून ब्लोअरचा वेग पूर्वीइतकाच ठेवायचा. एवढं एक वाक्य पत्रात असलं, की लिहिणाऱ्याने विचार केलाय हे कळतं.

खरा पैसा डॅम्परमध्ये अडकलेला आहे. मोटर पूर्ण वेगाने हवा ढकलते आणि पुढे आपणच झडप लावून ती अडवतो. गाडीचा अॅक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेकने वेग सांभाळण्यासारखंच हे. व्हीएफडी, म्हणजे बोलीतला ड्राइव्ह, मोटरला मिळणाऱ्या विजेची वारंवारता बदलून तिचा वेगच कमी करतो. डॅम्पर पूर्ण उघडायचा आणि वेग ऐंशी टक्क्यांवर आणायचा. घनाच्या नियमाने शक्ती निम्म्यावर यायला हवी. तेवढी येत नाही, कारण फिल्टरच्या पिशव्यांमधला दाब वेगाच्या वर्गाने नाही, जवळपास सरळ प्रमाणात कमी होतो, शिवाय ड्राइव्ह स्वतःही दोन-तीन टक्के खातो. तरीही ३१ चे २१ किलोवॉट होतील असं धरायला हरकत नाही. वर्षाला ६०,००० युनिट, ४ लाख ८० हजार रुपये. मोटर, ड्राइव्ह, पॅनल आणि केबल मिळून पाच लाख धरले, तर वर्षभरात, फार तर थोडं पुढे, पैसे परत.

या दहा किलोवॉटपैकी नऊ एकट्या ड्राइव्हचे आहेत. अकाउंट्सवाले हे पकडणारच, तेव्हा पत्राने आधीच सांगावं. मग नवी मोटर कशाला? ड्राइव्हमधून वीज तुटक, टोकदार ठोक्यांनी येते. केबल लांब असेल तर मोटरच्या टोकाशी व्होल्टेजचे उंच कंगोरे उठतात, आणि दोनदा रिवाइंड झालेलं इन्सुलेशन ते किती दिवस सोसेल याची खात्री नाही. शाफ्टमधून बेअरिंगात प्रवाह उतरतो तो प्रश्न वेगळाच. त्याने बेअरिंगच्या रिंगवर बारीक आडव्या रेघा पडतात आणि घरघर सुरू होते. ड्राइव्हसाठीची मोटर, एका टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग आणि नीट अर्थिंग हे त्यावरचे इलाज. फौंड्रीच्या धुळीत ड्राइव्हचं पॅनल बंदिस्त आणि थंड ठेवावं लागतं, तो खर्चही याच पाच लाखांत धरायचा.

आणखी एक मर्यादा फौंड्रीचीच. डक्टमधली हवा सेकंदाला साधारण १८ मीटरच्या खाली गेली की वाळूची धूळ आडव्या पाइपात बसू लागते. म्हणून वेग किती कमी करायचा हे वीजबचतीच्या हव्यासावर सोडायचं नाही, डक्टमध्ये हवेचा वेग मोजून ठरवायचं. ड्राइव्हमध्ये किमान वेगाची मर्यादा घालून ठेवायची, म्हणजे रात्रपाळीत कोणी बटण फिरवलं तरी पाइप चोंदणार नाही.

कुठल्या मोटरींना हात लावायचा नाही, हेही पत्रात हवं. दिवसातून तासभर चालणारा होइस्ट, राखीव पंप, कायम पूर्ण भाराने एकाच वेगाने फिरणारं यंत्र. या शेवटच्यावर ड्राइव्ह लावला तर वीज वाचण्याऐवजी दोन-तीन टक्के जास्त जाते. अशा मोटरींवर फक्त एक पाटी लावायची: ‘जळाल्यास रिवाइंड करू नये.’ कारण मोटर रात्री दोन वाजता जळते, सकाळी सातची पाळी उभी असते, आणि त्या घाईत रिवाइंडिंगवाल्यालाच फोन जातो. नवी मोटर आधीच स्टोअरमध्ये असेल तरच त्या पाटीला अर्थ आहे, म्हणून पत्रात नेहमीच्या मापाच्या दोन स्पेअर मोटरींचीही मागणी असते.

शेवटी मागणी एवढीच: एका ब्लोअरसाठी पाच लाख, त्यावर स्वतंत्र एनर्जी मीटर, बदलापूर्वी एक महिना आणि नंतर तीन महिने नोंदी. या नोंदी टनामागे किती युनिट लागले अशा ठेवायच्या, म्हणजे ऑर्डरी कमी झाल्यामुळे घटलेलं बिल बचतीच्या खात्यात जाणार नाही. दुसऱ्या ब्लोअरचं पत्र त्या आकड्यांवर लिहायचं.