गेटपास संपतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने शाळांसाठी एक ॲप बनवलं होतं. शिक्षकांनी त्यात हजेरी आणि परीक्षेचे गुण भरायचे. सहामाहीच्या निकालाच्या आठवड्यात एका शिक्षिकेचा फोन आला. पंचेचाळीस मुलांचे गुण भरून त्यांनी ‘जतन करा’ दाबलं आणि समोर थेट लॉगिनचं पान उभं राहिलं. भरलेलं सगळं गेलं होतं. त्यांच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. त्याच आठवड्यात अशा आणखी तक्रारी आल्या. सगळ्यांत एक गोष्ट समान होती. कोणीही स्वतःहून लॉगआउट केलं नव्हतं.

हे का घडतं ते कळायला आधी लॉगिन केल्यावर काय मिळतं ते पाहायला हवं. तुम्ही नाव-पासवर्ड टाकता, तेव्हा सर्व्हर तुमच्या ॲपला दोन किल्ल्या देतो. एकीला ॲक्सेस टोकन म्हणतात, दुसरीला रिफ्रेश टोकन. दोन्ही म्हणजे अक्षरं-आकड्यांच्या लांबलचक ओळी, पण त्यांची कामं अगदी वेगळी आहेत.

एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी कामगार कसा आत जातो ते आठवा. टाइम ऑफिसमध्ये तो आपलं कार्ड दाखवतो, तिथला कारकून रजिस्टर बघतो आणि त्याला आजचा गेटपास देतो. पुढे प्रत्येक विभागाच्या दारावरचा वॉचमन फक्त गेटपासवरचा शिक्का आणि वेळ पाहतो. तो दरवेळी टाइम ऑफिसला फोन करत नाही, म्हणून रांग लागत नाही. ॲक्सेस टोकन हा तो गेटपास. रिफ्रेश टोकन म्हणजे ते कार्ड. कार्ड दाराशी कधीच दाखवायचं नसतं, ते फक्त टाइम ऑफिसात दाखवून नवा गेटपास घ्यायचा असतो.

या सोयीची एक किंमत आहे. वॉचमन रजिस्टर पाहत नाही, त्यामुळे दुपारी एखाद्याला कामावरून काढलं तरी त्याच्या हातातला गेटपास वेळ संपेपर्यंत चालतो. म्हणून गेटपासची मुदत थोडी ठेवतात. गूगलच्या ॲक्सेस टोकनची मुदत साधारण ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असते. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ती ६० ते ९० मिनिटांच्या दरम्यान असते. आमच्या ॲपमध्ये आम्ही १५ मिनिटं ठेवली होती. ही दोन टोकनांची पद्धत OAuth 2.0 या मानकात लिहिलेली आहे. ते २०१२च्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी ६७४९ या क्रमांकाने प्रसिद्ध झालं.

मुदत संपली की सर्व्हर विनंती नाकारतो आणि 401 हा आकडा परत पाठवतो. त्याचा अर्थ ‘तुमचा पास चालत नाही’ एवढाच. अशा वेळी ॲपने गुपचूप रिफ्रेश टोकन दाखवून नवं ॲक्सेस टोकन आणायचं आणि अडलेली विनंती पुन्हा पाठवायची. वापरणाऱ्याला यातलं काही कळताही कामा नये. आमच्या ॲपमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं. तरीही शिक्षिका बाहेर फेकल्या जात होत्या.

तक्रारी आल्यावर आम्ही पहिला उपाय केला तो चुकीचा होता. मुदत १५ मिनिटांवरून आठ तासांवर नेली. तक्रारी एकदम कमी झाल्या आणि आम्हाला हायसं वाटलं. मग एका शाळेतून कळलं, की स्टाफरूमच्या सामाईक संगणकावर कोणीतरी दुसऱ्याचं खातं उघडं पाहिलं. त्या शिक्षिकेने लगेच पासवर्ड बदलला, तरी त्या संगणकावरचं जुनं टोकन संध्याकाळपर्यंत चालत राहिलं. वॉचमन रजिस्टर पाहत नाही, त्याचा हा परिणाम. मुदत वाढवून आम्ही दोष झाकला होता आणि धोका वाढवला होता. आठ तास मागे घेतले आणि मूळ शोधायला बसलो.

मूळ सापडायला वेळ लागला, कारण आमच्या टेबलावर दोष दिसतच नव्हता. चाचणी करणारा माणूस एका पानावर पंधरा मिनिटं स्वस्थ बसत नाही, तो सारखी बटणं दाबतो. शेवटी चाचणीच्या सर्व्हरवर टोकनची मुदत फक्त ३० सेकंद केली. त्या दुपारी दोष लागोपाठ दिसू लागला.

घडत होतं ते असं. शिक्षिकेने तीन वाजता लॉगिन केलं. ॲपकडे ॲक्सेस टोकन आणि एक रिफ्रेश टोकन आलं, त्याला ‘कार्ड एक’ म्हणू. त्या वीस मिनिटं गुण टाइप करत होत्या. टाइप करताना सर्व्हरकडे काहीच जात नव्हतं. गेटपास सव्वातीनला संपला, पण तो कुणी तपासलाच नाही. तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी ‘जतन करा’ दाबलं. त्या एका दाबण्याने तीन विनंत्या एकदम निघाल्या: गुण साठवा, वर्गाची यादी आणा, नव्या सूचना किती ते सांगा. तिन्ही 401 घेऊन परतल्या. आणि तिघींनी स्वतंत्रपणे, एकाच क्षणी, टाइम ऑफिसात ‘कार्ड एक’ दाखवलं.

इथे सुरक्षेचा एक नियम आड आला. रिफ्रेश टोकन चोरीला गेलं तर चोर कितीतरी दिवस नवे गेटपास घेत राहील. हे टाळण्यासाठी दर नूतनीकरणाला जुनं कार्ड रद्द करून नवं कार्ड दिलं जातं. यालाच टोकन रोटेशन म्हणतात. जानेवारी २०२५मध्ये आलेल्या आरएफसी ९७०० या सुरक्षा-मार्गदर्शनात, गुपित सांभाळू न शकणाऱ्या ब्राउझर आणि मोबाइल ॲपसाठी रोटेशन, किंवा टोकन ठराविक ॲपशीच बांधून ठेवण्याची व्यवस्था, आवश्यक मानली आहे. रद्द झालेलं कार्ड पुन्हा कुणी आणलं, तर एकाच कार्डाच्या दोन प्रती दोघांच्या हातात आहेत असा अर्थ काढला जातो. खरा मालक कोण हे सर्व्हरला ठरवता येत नाही. म्हणून तो त्या लॉगिनमधून निघालेली सगळी कार्डं रद्द करतो.

आमच्या तीन विनंत्यांपैकी पहिलीला ‘कार्ड दोन’ मिळालं. काही मिलिसेकंदांनी दुसरी पोहोचली, तिच्या हातात ‘कार्ड एक’. सर्व्हरने चोरी समजून ‘कार्ड दोन’सुद्धा रद्द केलं आणि `invalid_grant` असं उत्तर दिलं. ॲपने ते वाचून लॉगिनचं पान दाखवलं. सर्व्हर बरोबर वागला होता. चूक आमच्या ॲपची होती.

ही खूण नोंदींमध्ये स्पष्ट दिसते. एकाच वापरकर्त्याच्या दोन-तीन नूतनीकरणाच्या विनंत्या एका सेकंदाच्या आत आणि लगेच `invalid_grant`. अशी जोडी दिसली तर मुदत वाढवू नये, विनंत्यांची रांग लावावी.

आम्ही तेच केलं. पहिल्या 401 वर एकच नूतनीकरण सुरू करायचं. ते चालू असताना दुसऱ्या कुणाला गरज पडली, तर तिने स्वतः न जाता त्याच उत्तराची वाट पाहायची. नवं टोकन आलं की अडलेल्या सगळ्या विनंत्या एकदाच पुन्हा पाठवायच्या. त्यावरही 401 आला तर थांबायचं, नाहीतर ॲप गोल गोल फिरत बसतं. गुण दोनदा साठवले जातील अशी भीती इथे नव्हती, कारण आमच्या सर्व्हरवर पास तपासल्याशिवाय साठवण सुरूच होत नव्हती.

त्याचबरोबर मुदत संपायची वाट न पाहता एक मिनिट आधीच नूतनीकरण करायला लागलो. इथे एक बारीक खड्डा आहे. शाळेतल्या संगणकाचं घड्याळ कधी दहा मिनिटं मागे असतं. म्हणून टोकनवर लिहिलेली वेळ त्या घड्याळाशी ताडून पाहू नये. सर्व्हर `expires_in` मध्ये किती सेकंद उरले ते सांगतो, टोकन हातात आल्यापासून तेवढे सेकंद मोजावेत. लॅपटॉप मिटून ठेवला की ही मोजणीही थांबू शकते. त्यामुळे तो उघडल्यावर पहिली विनंती पाठवण्याआधी पुन्हा तपासावं.

एवढ्यानेही एक कोपरा उरला होता. काही शिक्षक दोन टॅब उघडतात, एकात हजेरी, दुसऱ्यात गुण. एका टॅबची रांग दुसऱ्याला माहीत नसते. त्यासाठी ब्राउझरमध्ये `navigator.locks` ही कुलपाची सोय आहे. ज्या टॅबला कुलूप मिळेल त्याने आधी पाहायचं, की दुसऱ्याने नवं टोकन आणून ठेवलंय का. आणलं असेल तर तेच वापरायचं.

शेवटचा कोपरा नेटवर्कचा. सर्व्हरने नवं कार्ड दिलं, पण उत्तर येता येता रेंज गेली. ॲपकडे जुनंच कार्ड राहिलं आणि पुढच्या खेपेला तेच चोरीचं ठरलं. ॲपला हे एकट्याने सोडवता येत नाही. सर्व्हरने जुनं कार्ड आणखी काही सेकंद चालू द्यावं लागतं. आणि नूतनीकरणाला उत्तरच आलं नाही, किंवा सर्व्हर बंद असल्याचा निरोप आला, तर ॲपने टोकनं पुसू नयेत, थोडं थांबून पुन्हा विचारावं. `invalid_grant` आलं तरच कार्ड खरोखर संपलं.

आणि ते कधीतरी संपतंच. पासवर्ड बदलला, मालकाने परवानगी काढून घेतली, किंवा बराच काळ वापर झाला नाही, तर रिफ्रेश टोकन रद्द होऊ शकतं. गूगलच्या बाबतीत सहा महिने न वापरलेलं रिफ्रेश टोकन चालेनासं होतं. अशा वेळी पुन्हा लॉगिन मागणं रास्तच आहे. पण लॉगिनचं पान दाखवण्याआधी अर्धवट भरलेला फॉर्म जपून ठेवायला हवा. त्या पंचेचाळीस मुलांच्या गुणांसाठी आम्ही ते आधीच करायला हवं होतं.

तुम्हाला एखादं ॲप असं मध्येच बाहेर काढत असेल, तर तक्रार करताना चार गोष्टी जरूर सांगा: लॉगिन केल्यापासून किती वेळ झाला होता, त्याआधी किती मिनिटं काही दाबलं नव्हतं, टॅब किती उघडे होते आणि रेंज कशी होती. ज्याने ते ॲप लिहिलं आहे, त्याला एवढ्यावरून दोष कुठे शोधायचा ते कळेल.